दोनशे एमबीचा व्हिडिओ दहा एमबीत कसा बसवायचा?

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपने २०२३ मध्ये फुकट खात्यांसाठीची फाइलची मर्यादा ८ एमबीवरून २५ एमबी केली आणि २०२४ मध्ये ती कमी करून १० एमबीवर आणली. पैसे भरणाऱ्यांना मोठ्या फायली पाठवता येतात, पण कॉलेजचे क्लब, गेम खेळणारी मुलं, हौशी संघ यांचे बहुतेक सर्व्हर, म्हणजे तिथले गट, फुकट खात्यांवरच चालतात. तिथे आता मिनिटभराचा साधा मोबाइल व्हिडिओसुद्धा चढत नाही.

यावर सगळ्यांचा पहिला उपाय एकच असतो. एखादं कॉम्प्रेसर अॅप उतरवायचं, बटण दाबायचं आणि बघायचं. फाइल १४ एमबीची होते. पुन्हा दाबायचं. आता ती ६ एमबीची होते, पण चेहरे ओळखू येत नाहीत. या अंदाजपंचे खटाटोपाची गरज नाही. फाइल किती मोठी होणार हे ती तयार करायच्या आधीच कागदावर काढता येतं, आणि त्यासाठी शाळेतला भागाकार पुरतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. कॉलेजच्या कबड्डी संघाचा सामना कुणीतरी मोबाइलवर काढला. त्यातल्या तीन चढायांचा ९५ सेकंदांचा तुकडा संघाच्या सर्व्हरवर टाकायचा आहे, कारण एका चढाईत बोनस झाला की नाही यावर वाद आहे. व्हिडिओ १०८० पी, सेकंदाला ३० फ्रेम. फाइल साधारण २०० एमबी.

## फाइल मोठी कशामुळे होते?

बहुतेकांना वाटतं, रिझोल्यूशनमुळे, म्हणजे चित्रात किती ठिपके आहेत त्यामुळे. ते अर्धंच खरं आहे. फाइलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो: व्हिडिओ किती सेकंदांचा आहे आणि दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे. या दुसऱ्या गोष्टीला बिटरेट म्हणतात. तो किलोबिट प्रति सेकंद, म्हणजे केबीपीएसमध्ये मोजतात. वेळ गुणिले बिटरेट म्हणजे फाइल. या गुणाकारात रिझोल्यूशन कुठेच येत नाही. तोच बिटरेट ठेवून तुम्ही १०८० पी बनवा किंवा ४८० पी, फाइल तेवढीच होणार. फरक पडेल तो चित्रात.

आपल्या कबड्डीच्या व्हिडिओचा बिटरेट सतरा हजार केबीपीएसच्या आसपास आहे. मोबाइल इतका सढळ हात ठेवतो, कारण त्याला व्हिडिओ जागच्या जागी, घाईघाईत दाबून साठवायचा असतो. विचार करायला त्याच्याकडे वेळ नसतो, मग तो जागा खर्च करतो.

व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक फ्रेम संपूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेममध्ये आधीपेक्षा काय बदललं एवढंच लिहितो. त्यामुळे तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून, मॅटवर चाललेली कबड्डी स्वस्तात साठवली जाते. मॅट हलत नाही, रेषा हलत नाहीत, हलतात ते खेळाडू. तोच सामना मातीच्या मैदानावर असेल, धूळ उडत असेल, मागे प्रेक्षक उड्या मारत असतील आणि कॅमेरा हातात थरथरत असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये जवळजवळ सगळंच बदलतं. सगळं नव्याने लिहावं लागतं. मिरवणुकीतला गुलाल दाबलेल्या व्हिडिओत नेहमी चौकोनी ठोकळ्यांसारखा दिसतो, त्यामागचं कारण हेच.

## आधी भागाकार

१० एमबीचं बजेट आहे. काठोकाठ भरायचं नाही, साडेनऊ एमबी धरायचं, कारण व्हिडिओ आणि आवाज यांची नोंद ठेवणाऱ्या डब्यालाही थोडी जागा लागते आणि प्रोग्रामचा नेम अगदी अचूक बसत नाही.

इथे एक खड्डा आहे. फाइल बाइटमध्ये मोजतात, बिटरेट बिटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. हा आठचा गुणाकार विसरला की हिशेब आठ पटींनी चुकतो.

साडेनऊ एमबी म्हणजे ९५ लाख बाइट. गुणिले आठ, म्हणजे ७ कोटी ६० लाख बिट, किंवा ७६,००० किलोबिट. हा आकडा लक्षात ठेवा. १० एमबीच्या मर्यादेसाठी तो कधीच बदलत नाही. त्याला सेकंदांनी भागायचं. ७६,००० भागिले ९५ बरोबर ८०० केबीपीएस.

हे ८०० चित्र आणि आवाज मिळून आहेत. आवाजाला ९६ दिले तर चित्राला ७०० उरतात आणि चार शिल्लक. सतरा हजारांवरून सातशेवर यायचं आहे. हा आकडा समोर आला की कळतं, आपण किती मागतोय.

आवाजाकडे लोक बघतच नाहीत. काही मोबाइल आवाज २५६ केबीपीएसने रेकॉर्ड करतात. तो तसाच ठेवला तर ९५ सेकंदांत तीन एमबी फक्त आवाज खातो, दहापैकी तीन. कबड्डीच्या व्हिडिओत पंचांची शिट्टी आणि खेळाडूचा दम ऐकू आला की पुरे. त्याला ९६ भरपूर झाले, आणि एका चॅनेलचा म्हणजे मोनो आवाज असेल तर ६४ सुद्धा चालतात.

## सातशेमध्ये किती मोठं चित्र बसेल?

आता रिझोल्यूशनचा प्रश्न. १०८० पी म्हणजे एका फ्रेममध्ये वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर सहा कोटींहून जास्त ठिपके दर सेकंदाला, आणि त्यांच्यात वाटायला आपल्याकडे सात लाख बिट. प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला एक बिटाचा शंभरावा भाग येतो. प्रोग्राम ते करेल, तक्रार करणार नाही, पण चित्र लोण्यासारखं पसरलेलं आणि ठोकळ्यांनी भरलेलं येईल.

४८० पी केलं की ठिपके एक पंचमांश होतात आणि प्रत्येकाचा वाटा पाच पट. सध्या सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ या कोडेकसाठी (व्हिडिओ दाबण्याची आणि उलगडण्याची पद्धत म्हणजे कोडेक) ठिपक्यामागे बिटाचा विसावा भाग मिळाला तर हलत्या खेळाचं चित्र बघण्यासारखं राहतं. आपल्या ४८० पी चित्राला तेवढा मिळतो, किंचित जास्तच. ७२० पी चित्राला मिळाला असता चाळिसावा भाग, म्हणजे गरजेच्या निम्मा.

म्हणून लहान आणि स्वच्छ चित्र मोठ्या आणि गढूळ चित्रापेक्षा केव्हाही चांगलं. मोबाइलच्या पडद्यावर ४८० पी ताणून बघितलं तरी ते थोडं मऊ दिसतं एवढंच. ठोकळे मात्र लपत नाहीत. मूळ व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा असेल तर आधी ३० कराव्यात, नाहीतर तेच बिट दुप्पट फ्रेममध्ये वाटले जातात.

## दोन फेऱ्या कशासाठी?

महिन्याचा पगार ठरलेला असतो. तो तीस दिवसांत सारखा वाटला तर दिवाळीच्या चार दिवसांत हात आखडतो आणि एरवी उगाच पैसे पडून राहतात. शहाणा माणूस आधी कॅलेंडर बघतो, सण कुठे आहेत ते पाहतो आणि मग साध्या दिवसांचे पैसे सणांसाठी राखतो. एकूण खर्च तेवढाच राहतो.

व्हिडिओचंही असंच. चढाई सुरू व्हायच्या आधी खेळाडू उभे असतात, तिथे चारशे केबीपीएस पुरतात. पकड होते, पाच जण एकावर कोसळतात, तिथे पंधराशेही कमी पडतील. प्रोग्रामला हे आधी ठाऊक असेल तर तो ७०० ची सरासरी राखून बिट हवे तिथे खर्च करतो. म्हणून पहिल्या फेरीत तो व्हिडिओ नुसता पाहतो आणि टिपण ठेवतो, दुसऱ्या फेरीत खरी फाइल बनवतो. याला टू-पास म्हणतात. वेळ जास्त लागतो, पण आकार ठरवलेल्या आकड्याच्या अगदी जवळ येतो.

एफएफएमपेग हा फुकट प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. त्याच्या दोन आज्ञा अशा:

```
ffmpeg -y -i kabaddi.mp4 -vf "scale=-2:480,fps=30" -c:v libx264 -preset slow -b:v 700k -pix_fmt yuv420p -pass 1 -an -f null /dev/null

ffmpeg -i kabaddi.mp4 -vf "scale=-2:480,fps=30" -c:v libx264 -preset slow -b:v 700k -pix_fmt yuv420p -pass 2 -c:a aac -b:a 96k -movflags +faststart lahan.mp4
```

विंडोजवर `/dev/null` च्या जागी `NUL` लिहायचं. `700k` हा आपल्या भागाकारातून आलेला आकडा. व्हिडिओ बदलला की तेवढा बदलायचा. `slow` म्हणजे सावकाश काम कर, तेवढ्याच बिटांत जास्त चांगलं चित्र दे. `+faststart` मुळे फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि बघणाऱ्याला व्हिडिओ पूर्ण उतरायची वाट पाहावी लागत नाही. उभा व्हिडिओ असेल तर `scale=480:-2` लिहा. नाहीतर उंची ४८० होईल, रुंदी २७० वर येईल आणि चित्र चिंधीसारखं दिसेल.

आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर हँडब्रेक या फुकट प्रोग्राममध्ये हेच करता येतं. व्हिडिओच्या टॅबमध्ये Avg Bitrate निवडून ७०० टाकायचे, तिथेच ३० फ्रेम निवडायच्या, दोन फेऱ्यांचा पर्याय चालू करायचा, Dimensions च्या टॅबमध्ये चित्र ४८० पी करायचं आणि आवाजाच्या टॅबमध्ये ९६ करायचे.

## "पण सगळे तर क्वालिटीचा आकडा ठेवतात"

ठेवतात, आणि एरवी तेच योग्य आहे. त्या पद्धतीला सीआरएफ म्हणतात. एच.२६४ साठी नेहमीचा आकडा २३. त्यात तुम्ही सांगता, चित्र इतकं चांगलं पाहिजे, मग जागा किती लागेल ते तू बघ. घरच्या हार्ड डिस्कवर सामने साठवायचे असतील तर मीही हेच करायला सांगेन.

पण तिथे आकार प्रोग्राम ठरवतो. मॅटवरची शांत चढाई २३ वर ६ एमबीत बसेल आणि धुळीतली तेवढ्याच लांबीची चढाई २० एमबी घेईल. वर कडक मर्यादा असली की क्वालिटीचा आकडा ठरवता येत नाही. एकतर आकार पक्का करा, नाहीतर दर्जा. दोन्ही एकाच वेळी पक्के होत नाहीत.

## "झिप केली तर?"

काही उपयोग नाही. झिप पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधून तो थोडक्यात लिहिते. व्हिडिओची फाइल आधीच पिळून काढलेली असते, तिच्यात पुनरावृत्ती उरलेलीच नसते. २०० एमबीची फाइल झिप केल्यावर जवळपास २०० एमबीचीच राहते, आणि वर बघणाऱ्याला ती आधी उतरवून उघडावी लागते.

## "वॉट्सॲपवर तर आपोआप जातो!"

जातो, कारण वॉट्सॲप व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पाठवण्याआधी तुमच्या मोबाइलवर स्वतःच दाबतो. डिस्कॉर्ड ती जशीच्या तशी घेतो किंवा नाकारतो.

यातून एक पळवाट निघाली आहे. व्हिडिओ आधी वॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचा, तिथून उतरवायचा आणि डिस्कॉर्डवर टाकायचा. छोटा व्हिडिओ असेल तर काम होतं. पण ती प्रत दहा एमबीपेक्षा मोठी निघाली आणि तीच पुन्हा दाबली, तर खरी हानी होते. पहिल्या दाबण्यात आलेले ठोकळे आणि पुसट कडा दुसऱ्या प्रोग्रामला चित्राचाच भाग वाटतात. तो ते सगळं निगुतीने जपतो आणि त्यावर आपले नवे ठोकळे चढवतो. आधीच थोडे असलेले बिट कचरा साठवण्यात जातात. दाबायचं ते नेहमी मोबाइलमधल्या मूळ फाइलवरून, आणि एकदाच.

## "नवीन कोडेक निम्मी जागा घेतात ना?"

एचईव्हीसी आणि एव्ही१ हे कोडेक तेवढ्याच बिटांत एच.२६४ पेक्षा स्पष्ट चित्र देतात, हे खरं आहे. सर्व्हरवरच्या सगळ्यांकडे नवे मोबाइल असतील तर एव्ही१ करून बघा. पण फाइल चढली म्हणजे ती समोरच्याकडे चालेलच असं नाही. एचईव्हीसी काही ब्राउझरमध्ये आणि जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. एव्ही१ जुन्या मोबाइलवर अडखळतो. संघातल्या पंधरा जणांपैकी चौघांना दिसलाच नाही तर वाचवलेली जागा काय कामाची? म्हणून मी एच.२६४ वरच राहतो.

## बोनस दिसतोय का?

आता मूळ वादाकडे येऊ. ४८० पी व्हिडिओ चढला, सगळ्यांनी पाहिला, आणि तरी भांडण मिटलं नाही. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला का, हे त्यात दिसत नाही. एवढ्या लहान चित्रात रेषा दोन-तीन ठिपक्यांची उरते.

इथे बिटरेट वाढवून काही होणार नाही, कारण बजेट तेवढंच आहे. खर्च कशावर करायचा ते बदलायचं. वाद एका चढाईचा आहे आणि चढाई असते ३० सेकंदांची. ७६,००० भागिले ३० म्हणजे २,५३३ केबीपीएस. मोनो आवाजाला ६४ देऊन चित्राला २,४५० सहज मिळतात. एवढ्यात ७२० पी व्यवस्थित बसतं.

त्याहीपुढे जाता येतं. ती चढाई मैदानाच्या उजव्या अर्ध्या भागात झाली. डावा अर्धा रिकामा आहे, मग तो पाठवायचाच कशाला? चित्राचा उजवा निम्मा भाग मूळ १०८० च्या उंचीतच कापून घेतला तर सेकंदाला साधारण तेवढेच ठिपके होतात जेवढे पूर्ण ७२० पी चित्रात असतात. खर्च तोच, पण बोनस रेषा मोबाइलने टिपली होती जवळजवळ तितकीच स्पष्ट.

दोन्ही आज्ञांमध्ये हे बदल करायचे. चढाई १२ व्या सेकंदाला सुरू होते असं धरू:

```
-ss 12 -t 30 -i kabaddi.mp4 -vf "crop=iw/2:ih:iw/2:0,fps=30" -b:v 2450k
```

आवाजाचा भाग दुसऱ्या आज्ञेत `-ac 1 -b:a 64k` असा होईल. वेळेचे आकडे दोन्ही फेऱ्यांत तेच हवेत, नाहीतर पहिल्या फेरीतलं टिपण दुसऱ्या फेरीला लागू पडत नाही.

बरेच जण आधी मोबाइलवर तुकडा कापतात आणि मग दाबतात. काही अॅप कापतानाच गुपचूप पुन्हा दाबतात. काही दाबत नाहीत, पण पूर्ण साठवलेल्या फ्रेमपाशीच कापू शकतात, त्यामुळे तुकडा सेकंदभर आधी सुरू होतो. मूळ फाइलवरूनच, दाबतानाच कापलं की दोन्ही कटकटी टळतात.

## तरीही चढत नसेल तर

आधी फाइलचा आकार गुणधर्मांत जाऊन बाइटमध्ये पाहा. तो एक कोटीच्या आत असेल तर अडचण आकाराची नाही. वर असेल तर चित्र आणि आवाजाला खरंच किती बिट मिळाले ते तपासा:

```
ffprobe -v error -show_entries stream=codec_name,bit_rate -of default=nw=1 lahan.mp4
```

यात `aac` पुढे ९६,००० च्या आसपास आकडा हवा. तिथे अडीच लाख दिसले तर आवाज दाबलाच गेला नाही आणि जास्तीची जागा त्यानेच खाल्ली. आवाज बरोबर असेल आणि फाइल १०.४ एमबी निघाली असेल, तर चित्राचा आकडा त्याच प्रमाणात, सातशेचा साडेसहाशे करून दोन्ही फेऱ्या पुन्हा चालवा. धुळीत आणि गर्दीत काढलेल्या छोट्या तुकड्यांमध्ये नेम थोडा जास्त चुकतो.

रंग फिके, राखाडी आले असतील तर मूळ व्हिडिओ बहुधा एचडीआरमध्ये काढलेला आहे. पुढच्या सामन्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद करा आणि जमलं तर मोबाइल तिपाईवर लावा. दाबायच्या वेळी कितीही डोकं चालवलं तरी थरथरत्या हाताचा खर्च परत मिळत नाही.

आणि पूर्ण सामना पाठवायचा असेल तर हे सगळं सोडून द्या. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. विश्रांती आणि थांबलेला खेळ वगळून चाळीस मिनिटं धरली तरी ७६,००० भागिले २,४०० म्हणजे ३२ केबीपीएसही होत नाहीत. एवढ्यात धड आवाजसुद्धा बसत नाही. पूर्ण सामना गूगल ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या, लिंक असलेल्या कुणालाही तो पाहता येईल अशी परवानगी तपासा, आणि सर्व्हरवर फक्त ती ३० सेकंदांची चढाई टाका.